वजन आणि खाण्याच्या नोंदींवरून आपल्या खऱ्या मेंटेनन्स कॅलरी कशा काढायच्या

कुठल्याही ऑनलाइन कॅलरी कॅल्क्युलेटरमध्ये वय, उंची आणि वजन टाकलं की तो एक आकडा देतो. रोज एवढं खाल्लंत तर वजन आहे तिथेच राहील, असा त्याचा दावा. यालाच मेंटेनन्स कॅलरी म्हणतात. आकड्यामागे बहुतेक वेळा १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जोर समीकरण असतं आणि ते तसं वाईट नाही. गडबड होते पुढे, जिथे 'तुम्ही किती हालचाल करता?' असं विचारून उत्तराला १.२, १.३७५ किंवा १.५५ ने गुणतात.

माझ्या मावसबहिणीचंच घ्या. वय ३४, उंची १६० सेंटिमीटर, वजन साधारण ६८ किलो, ऑफिसात बैठं काम. समीकरणाने तिची विश्रांतीतली गरज १३४९ कॅलरी येते. तिने 'बैठं काम' निवडलं तर मेंटेनन्स १६१९, 'थोडी हालचाल' निवडलं तर १८५५, 'मध्यम हालचाल' निवडलं तर २०९१. ती दिवसभर खुर्चीत असते, पण स्टेशनपर्यंत चालत जाते, घरी लिफ्ट नाही आणि शनिवार-रविवारी पाय जमिनीला लागत नाहीत. मग तिने कुठला पर्याय निवडायचा? दोन टोकांमध्ये पावणेपाचशे कॅलरींचा फरक आहे आणि वजन उतरवायला लोक साधारण तेवढीच कपात करतात. म्हणजे चुकीचा पर्याय निवडला तर सगळी कपात कागदावरच राहते.

यापेक्षा उलटीकडून हिशेब करणं सोपं पडतं. किती खाल्लं ते लिहिलं आणि वजन किती हललं ते मोजलं, की किती खर्च झालं ते आपोआप निघतं. महिनाभर हे कसं करायचं आणि लोक कुठे फसतात, ते खाली सांगतो. कॅलरी म्हणजे पाकिटावर kcal लिहिलेलं असतं तेच.

१. आधी काय जमवायचं

- १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा
- एक गूगल शीट किंवा साधी वही, तीन रकान्यांची: तारीख, वजन, कॅलरी
- पदार्थांच्या कॅलरींचा एकच तक्ता किंवा एकच ॲप

तक्ता एकच हवा, हे मुद्दाम सांगतोय. आज एका ॲपमधली पोळी आणि उद्या दुसऱ्यातली, असं केलं की आकडे जुळत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची भारतीय अन्नघटक सारणी चांगली आहे, फक्त तिच्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात.

स्मार्टवॉच या यादीत नाही. त्यावर दिसणाऱ्या 'जाळलेल्या' कॅलरी या हिशेबात कुठेच लागत नाहीत. चालणं, जिम, झाडलोट, जे काही केलं ते वजनाच्या उतारात आधीच आलेलं असतं. घड्याळातला आकडा वरून मिळवला तर तोच खर्च दोनदा धरला जातो.

२. वजन रोज, एकाच वेळी, एकाच फरशीवर

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा सपाट फरशीवर ठेवा. पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा काहीही दाखवतो. बॅटरी मधेच मरायला आली तरी तेच होतं, म्हणून सुरुवातीलाच नवी टाका.

काही डिजिटल काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. तुमचा काटा सलग चार दिवस ६८.२ वरच अडून बसला असेल तर शंका घ्या. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन एकदा वजन करा, मग बाटली ठेवून पुन्हा करा. आधी एखादा किलो वाढून नंतर वेगळा आकडा आला, तर काटा स्मरणशक्तीवर चालत होता. मग रोज आधी बाटलीसह आणि मग बाटलीशिवाय, असं दोनदा चढायचं.

आकडा आवडो न आवडो, तो लिहायचाच. रात्री मिसळ नाहीतर पापड-लोणच्यावर ताव मारला की सकाळी काटा किलोभर वर असतो. ते मिठामुळे थांबलेलं पाणी आणि पोटात अजून असलेलं अन्न. एका रात्रीत किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा साडेसात हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील. असे दिवस 'चुकीचं वजन' म्हणून खोडायचे नाहीत. वरचे आकडे खोडून खालचे ठेवले की सरासरी खोटी होते.

३. खाण्याची नोंद, आणि तिच्यातलं तेल

पोळी, भात, दूध यांचं अवघड नाही. पोळीला पीठ किती लागतं ते एकदा मोजून ठेवा: ३० ग्रॅम कणकेच्या शंभरेक कॅलरी, वर तूप लावलं तर त्याच्या वेगळ्या. भात शिजल्यावर मोजत असाल तर शिजलेल्या भाताचाच आकडा धरा, १०० ग्रॅमला साधारण १३०. कच्च्या तांदळाचा ३५० चा आकडा शिजलेल्या भाताला लावणारे बरेच भेटतात, आणि मग एवढुशा भाताच्या पाचशे कॅलरी कशा, म्हणून हबकतात.

खरी पंचाईत होते ती सगळ्यांसाठी एकत्र केलेल्या भाजीची. तिथे असं करा. रिकाम्या कढईचं वजन एकदा करून फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. भाजी टाकताना कॅलरीचे जिन्नस मोजा, कोथिंबीर आणि हळद सोडून द्या. समजा, बटाट्याच्या भाजीला ६०० ग्रॅम बटाटे लागले, त्यांच्या साधारण ४५०. तेल ४० ग्रॅम, दर ग्रॅमला ९ प्रमाणे ३६०. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, साधारण १७०. एकूण झाल्या ९८०. भाजी झाल्यावर कढईसकट वजन करून कढईचं वजन वजा केलं, तर उरले ७०० ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला १.४ कॅलरी. तुमच्या वाटीत १५० ग्रॅम आली तर २१०.

यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या तेलाचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. 'दोन चमचे तेल टाकलं' या वाक्यावर विश्वास ठेवू नका, मग ते आईचं असो की स्वतःचं. फोडणीचा चमचा आणि पळी यात फार फरक असतो. तेलाची बाटली फोडणीआधी काट्यावर ठेवून शून्य करा आणि फोडणीनंतर परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं.

स्वयंपाक दुसऱ्या कोणाच्या हातात असेल आणि रोज काटा मधे आणणं बरं दिसत नसेल, तर आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तेलाच्या डब्याचं वजन करा. वापरलेलं तेल सात दिवसांवर आणि घरातल्या माणसांवर वाटा. ढोबळ आहे, पण दर आठवड्याला सारखंच ढोबळ आहे. ते का चालतं, हे सहाव्या पायरीत येईल.

हॉटेलात किंवा लग्नात जेवलात तर अंदाज लिहा, पण जागा रिकामी सोडू नका.

४. कधी सुरू करायचं आणि किती दिवस

निदान अठ्ठावीस दिवस. चार पूर्ण आठवडे असले की प्रत्येक रविवार आणि प्रत्येक सोमवार सारख्याच वेळा मोजला जातो. पाळी येणाऱ्या स्त्रियांसाठी तर याहून कमी दिवस उपयोगाचेच नाहीत, कारण पाळीच्या आधी शरीरात पाणी थांबतं आणि वजन सहज वर जातं. पाळीचं चक्र ३२ दिवसांचं असेल तर पुढच्या पूर्ण आठवड्यापर्यंत, म्हणजे ३५ दिवस जाऊ द्या.

खाण्यात मोठा बदल केला असेल तर त्यानंतरचा पहिला आठवडा-दीड आठवडा मोजणीत घेऊ नका. भात-पोळी अचानक कमी केली की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो आणि प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी घेऊन जातो. पहिल्या आठवड्यात 'दीड किलो उतरलं' म्हणून पेढे वाटले जातात, त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. ते हिशेबात धरलं तर मेंटेनन्स भलताच मोठा निघतो. उलट, नव्याने व्यायाम सुरू केला किंवा क्रिएटिन घ्यायला लागलात तर पाणी वाढतं आणि मेंटेनन्स लहान निघतो.

त्यामुळे गणपती किंवा दिवाळी महिन्याच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या आठवड्यात येईल अशी सुरुवात करू नका. नवरात्राच्या उपवासांचंही तसंच. मधल्या आठवड्यात एखादी एकादशी आली तर बिघडत नाही, फक्त साबुदाण्याची खिचडी 'उपवासाची' म्हणून वहीतून सुटू देऊ नका.

५. प्रत्यक्ष हिशेब

चरबीच्या ऊतीचा एक किलो कमी-जास्त होणं म्हणजे साधारण ७७०० कॅलरींचा फरक, असं धरतात. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी एका पौंडाला ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला, त्याचंच हे किलोतलं रूप. सूत्र असं: रोजची सरासरी खाल्लेली कॅलरी, वजा वजनातला रोजचा बदल गुणिले ७७००. वजन उतरत असेल तर बदल उणे असतो, म्हणून ती रक्कम मिळवली जाते.

बहिणीच्या शीटमधले आकडे तिला विचारून देतोय. चार आठवड्यांची खाण्याची सरासरी १६४० कॅलरी. वजनाच्या साप्ताहिक सरासऱ्या अशा:

- पहिला आठवडा: ६८.३
- दुसरा आठवडा: ६७.९
- तिसरा आठवडा: ६८.१
- चौथा आठवडा: ६७.४

पहिल्या आणि चौथ्या आठवड्याच्या सरासरीत ०.९ किलोचा फरक आहे. इथे जवळजवळ सगळेच २८ ने भागतात, ते चूक. आठवड्याची सरासरी ही त्या आठवड्याच्या मधल्या दिवसाची समजायची, आणि पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत २१ दिवस होतात. ०.९ गुणिले ७७०० भागिले २१ म्हणजे ३३०. तेव्हा मेंटेनन्स १६४० अधिक ३३०, म्हणजे १९७०. हेच २८ ने भागलं असतं तर १८८८ आलं असतं.

आता तिसऱ्या आठवड्याकडे बघा. तो पाळीच्या आधीचा. फक्त दुसरा आणि तिसरा आठवडा हातात असता तर वजन ०.२ किलोने वाढलेलं दिसलं असतं आणि हिशेबाने मेंटेनन्स १४२० निघाला असता. स्टेशनपर्यंत रोज चालणाऱ्या बाईला १४२०! 'माझं मेटाबॉलिझमच बंद पडलंय' असं म्हणणारे बरेच लोक असाच एखादा आठवडा बघून बोलत असतात.

फक्त दोन टोकं न बघता सगळ्या दिवसांमधून एक सरळ रेष काढली तर आणखी बरं. गूगल शीटमध्ये तारीख A रकान्यात, वजन B मध्ये आणि कॅलरी C मध्ये असेल, पहिली नोंद दुसऱ्या ओळीत असेल, तर हे एकच सूत्र पुरतं:

```
=AVERAGE(C2:C29)-SLOPE(B2:B29,A2:A29)*7700
```

SLOPE मध्ये वजन आधी आणि तारीख नंतर. उलटं लिहिलं तर काहीतरी अवाढव्य आकडा येतो, तेव्हा लगेच कळेल. चारच साप्ताहिक सरासऱ्यांमधून रेष काढली तर बहिणीचा उतार दिवसाला सुमारे ३६ ग्रॅम येतो, म्हणजे २७५ कॅलरी, आणि मेंटेनन्स १९१५. पहिल्या पद्धतीने १९७०, दुसऱ्या पद्धतीने १९१५. एवढा फरक राहणारच. आम्ही १९५० धरलं आणि बाजूला 'शंभर इकडे-तिकडे' असं लिहून ठेवलं.

हे शंभर मोघम नाहीत. पाण्यामुळे वजनाच्या फरकात ०.३ किलोची चूक राहिली, तर १४ दिवसांच्या हिशेबात तिचे रोजचे १६५ होतात आणि २८ दिवसांच्या हिशेबात ८३. दिवस वाढवले की चूक पातळ होते. म्हणून तीन-चार दिवसांत उत्तर मागणारे नेहमी चुकतात.

६. हा आकडा तुमच्या वहीचा आहे

या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. समजा, बहिणीच्या नोंदीतून रोज दीडशे कॅलरी निसटतात. चहातली साखर, भाजी चाखून बघणं, मुलाच्या ताटातला उरलेला घास. तिच्या वहीत १६४० असलं तरी प्रत्यक्षात ती १७९० खातेय. मग खरा मेंटेनन्स १९५० नसून २१०० आहे. पण पुढेही ती तशीच नोंद ठेवणार असेल तर काय बिघडलं? तिने वहीत १६०० लिहिले की प्रत्यक्षात १७५० जातील आणि तूट दोन्हीकडे ३५० चीच राहील. चूक दोन्ही बाजूंना सारखी असली की वजाबाकीत निघून जाते.

म्हणून नोंद अचूक असण्यापेक्षा सारखी असणं महत्त्वाचं. या महिन्यात तेल अंदाजे धरलं असेल तर पुढच्या महिन्यातही तसंच धरा. मधेच उत्साहाच्या भरात काट्यावर मोजायला लागलात तर जुना १९५० निकामी होतो, पुन्हा अठ्ठावीस दिवस मोजावे लागतात. आणि हा आकडा मैत्रिणीला, नवऱ्याला किंवा आहारतज्ज्ञांना सांगताना 'माझ्या नोंदीप्रमाणे' हे शब्द सोडू नका. नोंदीत किती निसटू शकतं याचा एक जुना दाखला आहे. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांनी प्रत्यक्षात खाल्लं त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं.

जी चूक सारखी नसते ती मात्र हिशेब मोडते, आणि ती बहुधा रविवारी होते. सोमवार ते शनिवार नीट लिहिलं, सरासरी १६४०. रविवारी बाहेर जेवण, वही बंद, पोटात गेले २४००. चार रविवार धरून खरी सरासरी १७४९ होते, पण शीट १६४० च दाखवते, कारण AVERAGE रिकामे रकाने सोडून देतं. त्या रकान्यात कोणी शून्य भरलं तर सरासरी थेट १४०६ वर येते. दोन्ही खोटे. रविवारचा अंदाज २२०० लिहिलात तरी तो रिकाम्या जागेपेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ आहे.

७. आकडा मिळाल्यावर

वजन उतरवायचं असेल तर १९५० मधून तीनशे-साडेतीनशे वजा करा. ३५० ची तूट म्हणजे आठवड्याला साधारण ३२० ग्रॅम. हे अंतर लहान आहे, त्यामुळे पुढच्या चार आठवड्यांत एखाद-दोन आठवडे काटा हलणार नाही. तेव्हा कपात वाढवू नका, पूर्ण महिन्याची रेष बघा.

दर महिन्याला सूत्रातल्या ओळी पुढे सरकवा, C2:C29 ऐवजी C30:C57. वजन उतरतं तसा मेंटेनन्सही थोडा खाली येतो. शरीर हलकं झालेलं असतं, पचवायला अन्न कमी असतं आणि कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. त्यामुळे तुटीत असताना काढलेला आकडा पोटभर खाणाऱ्या तुमच्यापेक्षा जरा कमीच असतो.

७७०० ला मर्यादा आहेत. उतरलेल्या वजनात स्नायू बराच असेल तर प्रत्येक किलोमागे ऊर्जा खूपच कमी असते. मग मेंटेनन्स फुगून येतो. प्रथिनं बरी खाणाऱ्या आणि हळूहळू वजन उतरवणाऱ्या माणसाला याची फारशी काळजी नाही. क्रॅश डाएटवर मात्र हे सूत्र लावू नका.

काहींनी हा हिशेब करूच नये. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया, पायावर सूज येणारे, स्टिरॉइड किंवा लघवी वाढवणारी औषधं घेणारे, नुकताच थायरॉइडच्या गोळीचा डोस बदललेले, या सगळ्यांचं वजन कॅलरींखेरीज इतर कारणांनी हलत असतं. इन्सुलिन घेत असाल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण डोसही बदलावा लागतो. आणि खाण्याचा प्रत्येक घास मोजण्याचा ध्यास पूर्वी कधी त्रासाचा झाला असेल तर काटा आणि वही दोन्ही लांबच बरी.

हवं तेवढं वजन उतरलं आणि परत मेंटेनन्सवर यायचं असेल, तर ज्या दिवशी खाणं वाढवाल त्यानंतर आठवडाभरात काटा अर्धा ते एक किलो वर जाईल. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत येतंय, दुसरं काही नाही. ते दहा दिवस शीटमध्ये वेगळ्या रंगाने रंगवा आणि नवा हिशेब अकराव्या दिवसापासून सुरू करा.